निफ्टीचे लांबचे पुट: दरवर्षी थोडं थोडं जातं ते कधी आणि किती परत येतं

मार्केट शांत असलं की कोणी पुट विकत घ्यायचं नाव काढत नाही आणि पडायला लागलं की सगळे एकदमच विचारतात, भाऊ तो हेजिंगचा प्रकार काय असतो, आपल्यालाही करता येईल का. तेव्हा उशीर झालेला असतो कारण तोवर तो पुट महाग झालेला असतो. म्हणून आत्ताच नीट लिहून ठेवतो. मुद्दा एकच आहे, खूप खालच्या स्ट्राइकचे पुट घेऊन पोर्टफोलिओला मोठ्या आपटीपासून वाचवायचं तर त्याला दरवर्षी खरोखर किती खर्च येतो, आणि आपटी आली तर खरोखर किती मिळतं. दोन्हीकडे लोक चुकीचा आकडा धरतात, खर्चाचा कमी धरतात आणि मिळण्याचा जास्त.

पुट हा ऑप्शनचा एक प्रकार, तो म्हणजे काय हे दोन ओळीत. निफ्टीचा २०,००० चा पुट तुमच्याकडे असेल तर २०,००० ही त्याची स्ट्राइक, आणि एक्सपायरीला म्हणजे मुदत संपते त्या दिवशी निफ्टी २०,००० च्या जितका खाली असेल तितके रुपये प्रत्येक युनिटमागे तुम्हाला मिळतात, वर असेल तर शून्य. त्यासाठी आधी जी किंमत मोजता ती प्रीमियम, जास्तीत जास्त तेवढीच बुडते, विकत घेणाऱ्याला मार्जिन लागत नाही. समजा निफ्टी २४,००० ला आहे आणि तुम्ही २०,००० चा पुट घेतला तर तो सध्याच्या भावापासून सुमारे १७ टक्के खाली आहे, यालाच लांबचा ओटीएम म्हणजे आउट ऑफ द मनी पुट म्हणतात. बहुतेक वेळा तो शून्यच होणार हे घेतानाच माहीत असतं, म्हणून तर तो स्वस्त असतो.

आता एक उदाहरण धरून चालू. नागपूरच्या प्रतापनगरातले एक काकाजी आहेत, वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीतून रिटायर झालेले, पीएफ-ग्रॅच्युइटीतला मोठा हिस्सा निफ्टीच्या इंडेक्स फंडात, समजा ३६ लाख. निफ्टी २४,००० धरा. पुट सुटा मिळत नाही, ठरलेल्या युनिटांच्या लॉटमध्येच घ्यावा लागतो, आणि हा लॉट एक्सचेंज वेळोवेळी बदलत असतं, घ्यायच्या आधी तेव्हाचा लॉट पाहून घ्या, मी हिशेबाला ७५ धरतो. २४,००० गुणिले ७५ म्हणजे १८ लाख, म्हणजे काकाजींच्या ३६ लाखाला बरोबर दोन लॉट, एकूण १५० युनिट. सहा महिन्यांनी संपणारा २०,००० चा पुट मार्केट शांत असताना साधारण ७५ रुपयाला बसतो. हा आकडा आणि पुढचे भाव मी ऑप्शनची किंमत काढायच्या ब्लॅक-शोल्सच्या सूत्रानं काढलेत, त्यात या पुटची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी १९ टक्के धरलीय, बाजारात थोडं इकडेतिकडे होईल पण चित्र हेच राहील. इम्प्लाइड व्होलॅटिलिटी म्हणजे पुढे मार्केट किती हलेल याचा जो अंदाज ऑप्शनच्या भावात मिसळलेला असतो तो, बोलताना सगळे आयव्ही म्हणतात.

७५ रुपये गुणिले १५० म्हणजे ११,२५०. वर्षातून दोनदा घेतला तर २२,५००. ३६ लाखाच्या तुलनेत ०.६२ टक्के. काकाजी म्हणाले एवढंच ना, एवढं तर मी एक्सपेन्स रेशोतही देऊन राहिलो. इथंच थांबायचं नाही, हा आकडा अजून वाढणार आहे, पण आधी दुसरी बाजू पाहून घेऊ.

समजा पुट घेऊन दोन महिने झाले आणि निफ्टी धाडकन ३० टक्के पडला, १६,८०० ला आला. चार महिने अजून बाकी आहेत आणि घबराट असल्यामुळे आयव्ही ४५ वर गेलीय. तेव्हा तो ७५ चा पुट सुमारे ३,६०० रुपयाला असेल. त्यातले ३,२०० तर सरळ सरळ आहेत, २०,००० वजा १६,८००, वरचे ४०० उरलेल्या वेळेचे आणि घबराटीचे. १५० युनिटचे झाले ५ लाख ४० हजार. काकाजींचा फंड ३० टक्के पडला म्हणजे १० लाख ८० हजार गेले, त्यातले अर्धे परत आले. ११,२५० रुपयावर ५ लाख ४० हजार, म्हणजे ४८ पट. टेल हेजिंगच्या, म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या आपटीपासून अशा पुटनं बचाव करण्याच्या, जाहिरातीत जे आकडे असतात ते असेच येतात. हेच काम करणाऱ्या अमेरिकेतल्या मार्क स्पिट्झनेगलच्या युनिव्हर्सा फंडानं २०२० च्या पहिल्या तिमाहीत ४,१४४ टक्के रिटर्न दिला असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. तो आकडा पुटमध्ये घातलेल्या भांडवलावरचा होता, क्लायंटच्या पूर्ण पोर्टफोलिओवरचा नाही, पोर्टफोलिओच्या मानानं ते भांडवल अगदी थोडं असतं. हा फरक लक्षात नसला की माणूस ४८ पट ऐकून हुरळतो आणि नंतर म्हणतो माझे तर अर्धेच भरून आले.

आता दुसरी परिस्थिती. तेच दोन महिने, पण निफ्टी ३० नाही, १५ टक्केच पडला, २०,४०० वर आला आणि आयव्ही ३० झाली. पाहा, निफ्टी अजून २०,००० च्या वरच आहे, पुटला हातात असं काहीच मिळत नाही, तरी त्याची किंमत हजाराच्या आसपास असेल. पूर्ण हजार रुपये फक्त भीतीचे आणि उरलेल्या चार महिन्यांचे. आत्ता विकला तर दीड लाख. नुकसान ५ लाख ४० हजाराचं, त्यातले दीड परत, ठीक आहे.

आणि तिसरी. निफ्टी तितकाच पडला, तेच १५ टक्के, तोच २०,४००, पण रोज थोडा थोडा करत पूर्ण सहा महिने लावून पडला, आयव्ही फारशी वाढलीच नाही, आणि एक्सपायरीला तिथं पोचला. पुटची किंमत शून्य. काकाजींचे फंडात ५ लाख ४० हजार गेले आणि वरून पुटचे ११,२५० ही गेले.

हे दुसरं आणि तिसरं उदाहरण शेजारी शेजारी ठेवून पाहा, कारण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. घसरण अगदी सारखी, एकात दीड लाख मिळाले, एकात शून्य. हा पुट घसरणीचा विमा नाही, एकदम येणाऱ्या घसरणीचा विमा आहे. काटोल-नरखेडकडे कोणी संत्र्याच्या बागेचा नुसत्या गारपिटीचा विमा काढला तर अर्ध्या तासात बाग झोडपली तर पैसे मिळतील, पण वर्षभर विहिरीचं पाणी कमी कमी होत झाडं वाळली तर त्या विम्यातून काही मिळणार नाही, नुकसान कदाचित जास्तच असेल तरीही.

मग निफ्टीवर गारपीट किती वेळा आली हे पाहायला पाहिजे. २००६ मध्ये १० मे ते १४ जून या पाच आठवड्यांत निफ्टी ३,७५० च्या आसपासून २,६३० च्या आसपास आला, ३० टक्के. २००८ मध्ये जानेवारीत एक जबरदस्त झटका आणि ऑक्टोबरमध्ये दुसरा, वरपासून खालपर्यंत सुमारे ६० टक्के. २०२० मध्ये १९ फेब्रुवारीला निफ्टी १२,१२६ ला बंद झाला आणि २३ मार्चला ७,६१० ला, ३७ टक्के, तेही महिन्याभरात. या तिन्ही वेळा लांबच्या पुटनं खणखणीत पैसे दिले असते.

आता ज्या वेळी दिले नसते त्या पाहा. नोव्हेंबर २०१० ते डिसेंबर २०११, निफ्टी २५ टक्क्यांहून जास्त पडला, पण वर्षभराहून जास्त वेळ घेऊन. मार्च २०१५ ते फेब्रुवारी २०१६, पुन्हा २५ टक्क्यांच्या आसपास, पुन्हा वर्षभर रखडत. आणि सप्टेंबर २०२४ च्या शेवटी २६,२७७ चा उच्चांक झाल्यावर मार्च २०२५ च्या सुरुवातीला निफ्टी २२,००० च्या खालीही जाऊन आला, १६ टक्के, पाच महिने रोज थोडं थोडं रक्त जात राहिलं, आणि इंडिया व्हिक्स, म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनमधली आयव्ही दाखवणारा इंडेक्स, त्यातला बराच काळ १३ ते १६ मध्येच होता. या काळात ज्यांनी लांबचे पुट घेतले होते त्यांचे फंडही पडले आणि पुटही शून्य झाले. उलटं ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी एका दिवसात जवळपास ६ टक्के पडला, पण तीनच दिवसात परत वर होता. १७ टक्के खालच्या पुटला त्या दिवशी दुपारी विकणाऱ्यालाच काय ते मिळालं असेल.

म्हणजे ऑक्टोबर २००८ नंतर मार्च २०२० पर्यंत, ११ वर्षांहून जास्त काळ, खरी गारपीट आलीच नाही. एवढा वेळ प्रीमियम भरत बसायचं. म्हणून आता तो ०.६२ टक्क्याचा आकडा परत उघडू, कारण ११ वर्षात अर्ध्या टक्क्याचा फरकही खूप होतो.

आपण काय धरलं होतं, सहा महिन्यांचा पुट घ्यायचा आणि एक्सपायरीपर्यंत ठेवायचा. आता सगळ्यांनी ऐकलेलं असतं की ऑप्शनची किंमत शेवटच्या महिन्यात सगळ्यात वेगानं वितळते. ते सध्याच्या भावाजवळच्या स्ट्राइकला खरं आहे. लांबच्या पुटला उलटं होतं. निफ्टी २४,००० वरच थांबला तर तो ७५ चा पुट तीन महिन्यांनीच १५-२० रुपयावर आलेला असतो. म्हणजे पाऊण किंमत पहिल्या अर्ध्या काळातच गेली, आणि कारण सोपं आहे, तीन महिन्यांत १७ टक्के पडायची शक्यता सहा महिन्यांत पडायच्या शक्यतेपेक्षा खूपच कमी. शेवटचे दोन महिने तर तुमच्याकडे नावाला पुट असतो, मध्यम आपटी आली तरी तो फारसा हलणार नाही. म्हणजे एक्सपायरीपर्यंत ठेवला तर वर्षातले चार महिने तुम्ही जवळपास उघडेच.

दुसरी भानगड स्ट्राइकची. सहा महिन्यांत निफ्टी १५ टक्के वर गेला, २७,६०० झाला, आणि मग ३० टक्के पडला तर कुठं येईल, १९,३२० ला. तुमचा पुट २०,००० चा, ६८० रुपयेच आत. ज्या आपटीत ३,२०० मिळायला पाहिजे तिथं ६८०. फंड मात्र पूर्ण ३० टक्के पडला.

या दोन्हीवर उपाय म्हणजे दर तीन महिन्यांनी जुना विकायचा आणि सहा महिन्यांचा नवा घ्यायचा, निफ्टी असेल तिथून पुन्हा १७ टक्के खाली. यालाच रोल करणं म्हणतात. मग दर तिमाहीत ७५ ला घेतलेला १५ ला विकला, ६० गेले. वर्षाचे २४० रुपये, १५० युनिटचे ३६,०००. झाला बरोबर एक टक्का. हा खरा खर्च, शांत मार्केटमधला.

शांत नसेल तर? हाच पुट, हीच मुदत, हाच स्ट्राइक, फक्त आयव्ही १९ च्या जागी २५ धरा, किंमत ७५ ची थेट २२० होते. तिप्पट. लांबच्या पुटचं हे वैशिष्ट्यच आहे, आयव्ही थोडीशी वाढली की किंमत कितीतरी पट वाढते. आपटीच्या वेळी याच गोष्टीनं पैसे होतात आणि आपटीनंतर रोल करायला गेलं की हीच गोष्ट मारते. नियम म्हणून डोळे मिटून दर तिमाहीला दोन लॉट घेत राहिलं तर असली एक-दोन वर्षं मध्ये आली की वर्षाची सरासरी सहज दीड-दोन टक्क्यांवर जाते.

आता ११ वर्षांचा हिशेब मांडू, मी तो काकाजींसमोर कागदावर मांडला होता तसाच. ३६ लाख, इंडेक्स वर्षाला १२ टक्क्यांनी वाढतो असं धरा, ११ वर्षांनी १ कोटी २५ लाख. मग ३० टक्क्याची आपटी, उरले ८७ लाख ७० हजार. हा पुट न घेणारा.

पुट घेणारा, वर्षाला एक टक्का खर्च, म्हणजे ११ टक्क्यांनी वाढ. ११ वर्षांनी १ कोटी साडेतेरा लाख. आधीच बारा लाख मागे आहे, हे विसरू नका. मग आपटी आली, फंड ३० टक्के पडला, पुटनं पोर्टफोलिओच्या १५ टक्के परत दिले, आपल्या पहिल्या उदाहरणासारखे. उरले ९६ लाख ५० हजार. न घेणाऱ्यापेक्षा जवळपास नऊ लाख जास्त. पण हे सगळं मनासारखं झालं तर, म्हणजे पुट नुकताच रोल केलेला होता, स्ट्राइक ताजी होती, आणि तळाजवळ विकला. तसं नाही झालं आणि १५ च्या जागी साडेसात टक्केच मिळाले तर? उरतात ८८ लाख. न घेणाऱ्याइतकेच, बरोबरी.

आणि खर्च एकाच्या जागी दोन टक्के झाला असेल तर? ३६ लाख १० टक्क्यांनी वाढून ११ वर्षांनी १ कोटी २ लाख ७० हजार, आपटीनंतर पूर्ण १५ टक्के मिळूनही ८७ लाख ३० हजार. म्हणजे सगळं अगदी बिनचूक करूनही बरोबरीच.

हा कागद पाहिल्यावर काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे पुट चांगला की वाईट हा प्रश्नच नाही ना, किती भावानं घेतला आणि कधी विकला हाच प्रश्न आहे." मला तरी याहून नेमकं सांगता येत नाही. एक टक्का खर्चात अर्धवट जमलं तरी बरोबरी, दोन टक्के खर्चात सगळं जमूनही बरोबरी. म्हणून मी लॉट ठरवू नका म्हणतो, रुपये ठरवा. जुना विकून आलेले वजा जाता दर तिमाहीला नऊ-दहा हजार, बस. आयव्ही कमी असेल तर त्यात दोन लॉट येतील, जास्त असेल तर एकच येईल किंवा स्ट्राइक अजून खाली न्यावी लागेल, संरक्षण कमी मिळेल, चालेल. महाग झालेल्या पुटच्या मागे धावायचं नाही.

आता विकण्याचं. इथं लोक सगळ्यात जास्त घालवतात. समजा डिसेंबर २०१९ मध्ये निफ्टी १२,१६८ च्या आसपास असताना कोणी जून २०२० चा १०,५०० चा पुट घेतला. २३ मार्चला निफ्टी ७,६१० ला बंद, पुट २,८९० रुपये आत, वर घबराटीचा प्रीमियम वेगळा. त्या दिवशी इंडिया व्हिक्स सत्तरच्या वर होता. तीनच दिवसांनी, २६ मार्चला, निफ्टी ८,६४१, पुट १,८५९ रुपये आत. आणि जूनच्या एक्सपायरीला, २५ जूनला निफ्टी १०,२८९. हातात आले २११. ज्यानं विमा आहे म्हणून शेवटपर्यंत धरून ठेवला त्याला शंभरात सात रुपये मिळाले असं समजा. घराच्या कागदासारखा कपाटात ठेवायची ही वस्तू नाही.

पुट स्ट्राइकच्या खूप आत गेला की त्याचं वागणं बदलतं हेही समजून घ्या. सुरुवातीला निफ्टी शंभर पडला तर तो पाच रुपये वाढायचा, मग वीस, मग पन्नास, हा जो वाढत जाणारा वेग आहे त्याचेच आपण पैसे दिलेले असतात. पण निफ्टी १६,००० च्याही खाली गेला की २०,००० चा पुट शंभराला ऐंशी-नव्वद रुपये हलतो, खाली जाताना आणि वर येतानाही. म्हणजे आता तुमच्याकडे विमा राहिला नाही, निफ्टी फ्युचर विकल्यासारखी पोझिशन राहिली, मार्केट उसळलं की तेवढ्याच वेगानं हातचं जाईल. तळ कुठं आहे ते कोणालाच कळत नाही, म्हणून दोन लॉट असण्याचा फायदा घ्यायचा. निफ्टी स्ट्राइकच्या खाली गेला की एक लॉट विकायचा, काही विचार न करता. दुसरा शंभराला सत्तर-ऐंशी हलायला लागला की विकायचा, ब्रोकरच्या ॲपवर ऑप्शन चेनमध्ये डेल्टा दिसतो, ०.७ ते ०.८ च्या आसपास तो आला की. पुढेही भीती वाटत असेल तर त्या पैशातला थोडा भाग अजून खालच्या स्ट्राइकमध्ये घाला, सगळा नाही.

आणि विकून आलेल्या पैशाचं काय करायचं हेही आधीच ठरलेलं पाहिजे, कारण खरी कमाई तिथं आहे. २३ मार्च २०२० ला ७,६१० वर असलेला निफ्टी फेब्रुवारी २०२१ मध्ये १५,००० च्या वर होता. ज्याच्याकडे त्या आठवड्यात पुट विकून पाच लाख आले आणि त्यानं ते इंडेक्स फंडातच टाकले त्याचे वर्षाच्या आत दहा झाले. वरच्या ११ वर्षांच्या हिशेबात हा भाग मी धरलेला नाही, तो धरला तर पारडं पुटच्या बाजूला बऱ्यापैकी झुकतं. पण मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या बातम्या चालू असताना, हातात आलेले पाच लाख परत शेअर मार्केटमध्ये टाकायचे, हे किती लोकांकडून होईल ते ज्याचं त्यानं ठरवावं. तुमच्याकडून होणार नसेल तर पुटचा निम्मा उपयोग गेला.

प्रत्यक्ष विकताना अडचणीही येतात. २३ मार्चला दहा टक्क्यांचं लोअर सर्किट लागून ४५ मिनिटं ट्रेडिंग बंद होतं, १३ मार्चलाही सकाळी तसंच झालं आणि त्याच दिवशी निफ्टी उसळून वर बंद झाला. अशा दिवशी लांबच्या मुदतीच्या पुटमध्ये घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यात मोठी दरी असते. मार्केट ऑर्डर कधीच टाकू नका, दोन्ही भावांच्या मधला भाव काढून लिमिट टाका आणि थोडं थोडं सरकवा. घेतानाही हेच. सहा महिने पुढचं पाहाल तर जून आणि डिसेंबरच्या एक्सपायरीत आणि २०,०००, २१,००० अशा गोल आकड्याच्या स्ट्राइकमध्येच बऱ्यापैकी सौदे होतात, अधल्यामधल्या स्ट्राइकला पाच-सात रुपयांची दरी असली तर ७५ च्या पुटमध्ये ती दहा टक्के झाली. जून-डिसेंबर सोडून दुसऱ्या महिन्याचा आग्रह धरू नका, मुदत सहा महिन्यांहून कमी-जास्त आली तरी चालतं.

याच्यापेक्षा थोडे पैसे सरळ एफडीत का नाही ठेवायचे, हा काकाजींच्या मुलाचा प्रश्न, आणि अगदी रास्त प्रश्न आहे. ३० टक्क्यांच्या आपटीत निम्मं नुकसान वाचवायचं तर निम्मा पैसा एफडीत पाहिजे. इंडेक्स १२ आणि एफडी ७ टक्के धरली तर निम्म्या पैशावर ५ टक्के सोडले, म्हणजे पूर्ण पोर्टफोलिओवर वर्षाला अडीच टक्के. पुट एक ते दोन टक्क्यात तेच काम करतो, पण फक्त एकदम आलेल्या आपटीत. एफडीला घसरण हळू आली की जोरात याचं काही देणंघेणं नाही, २०११ सारखी आली तरी ती तशीच उभी, आणि तिला दर तीन महिन्यांनी पाहावं लागत नाही, विकायची वेळ चुकत नाही. माझं मत विचाराल तर ज्याला पुढच्या चार-पाच वर्षांत पैसे लागणार आहेत त्याचा तो पैसा एफडीतच पाहिजे, पुट त्याची जागा घेऊ शकत नाही. पुट उरलेल्या पैशासाठी, जो दहा-पंधरा वर्षं हलवायचा नाही आणि जिथं एकदम आपटी आली तर आणखी घ्यायची तयारी आहे.

अजून एक, फंड कोणता आहे ते पाहा. निफ्टीचा पुट निफ्टीच वाचवतो. २०१८ मध्ये निफ्टी वर्षभरात ३ टक्के वर होता आणि निफ्टी स्मॉलकॅप १०० इंडेक्स २९ टक्के खाली. आपल्याकडे धरमपेठेत काय नि इतवारीत काय, गेल्या काही वर्षांत बऱ्याच लोकांच्या पोर्टफोलिओत स्मॉलकॅप आणि मिडकॅप फंड भरलेत, त्यांना निफ्टीचा पुट घेऊन २०१८ सारख्या वर्षात एक रुपया मिळाला नसता. ज्याच्याकडे निम्म्याच्या वर स्मॉलकॅप आहे त्यानं पुट घ्यायच्या आधी तो हिस्सा कमी करायचा विचार करावा, ते जास्त स्वस्त पडतं.

टॅक्सचं पण सांगून ठेवतो कारण रिटर्न भरताना याच्यावरच सगळे अडतात. ऑप्शनचा नफा-तोटा धंद्याचं उत्पन्न धरतात, म्हणजे साधा पेन्शनवाला माणूसही आयटीआर-३ मध्ये जातो. पुटमध्ये गेलेला प्रीमियम त्याच वर्षीच्या फंडाच्या कॅपिटल गेनमधून वजा होऊ शकतो, पगारातून मात्र नाही, आणि पेन्शनही पगारातच धरतात. न वजा झालेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण पुढच्या वर्षापासून तो फक्त धंद्याच्या उत्पन्नातूनच वजा होतो, आणि रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. ज्या वर्षी पुटनं पाच लाख दिले त्या वर्षी हे मागचे तोटे कामाला येतात, म्हणून दरवर्षी छोटा तोटा असला तरी दाखवायचा.

काकाजींनी शेवटी बारा लाख एफडीत हलवले, उरलेल्या २४ लाखाला दर तिमाहीला सहा हजाराचं बजेट ठेवलं, म्हणजे शांत मार्केटमध्ये जेमतेम एक लॉट. लॉट एकच असल्यामुळे विकायचा नियमही एकच झाला, निफ्टी स्ट्राइकच्या खाली बंद झाला की दुसऱ्या दिवशी विकायचा आणि आलेले पैसे तीन महिन्यांत तीन हप्त्यांनी फंडात टाकायचे. हा नियम त्यांनी मुलाला लिहून दिलाय आणि डिमॅट कसं चालवायचं तेही शिकवलंय, कारण तो दिवस येईल तेव्हा आपण शांत डोक्यानं ऑर्डर टाकू याची त्यांना स्वतःचीच खात्री नव्हती.